आधी तुटणारा दोरा

त्यांना सगळे पक्केमास्तर म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि बायकोच्या रागात तेवढं शिल्लक होतं. गॅरेजवाल्यांचे डगले, गवंड्यांच्या पँटी, सामानाच्या जाड पिशव्या, वेल्डिंगवाल्याचा कातडी एप्रन असं सगळं दणकट काम त्यांच्याकडे यायचं. गिऱ्हाईक झिजेल, खिसा झिजेल, गुडघ्यावरचं कापड झिजेल, पण मास्तरांची शिवण जागची हलायची नाही. एक गवंडी तर सांगत सुटायचा की तो परांचीवरून पडला तेव्हा खिळ्याला अडकलेल्या पँटीच्या शिवणीनं त्याला अधांतरी धरून ठेवलं. किती वेळ, ते ऐकणाऱ्याच्या भोळेपणावर ठरायचं.

दोरा निवडायची मास्तरांची रीत एकच. रिळातून वीतभर दोरा काढायचा, दोन्ही हातांच्या बोटांना वेढायचा आणि हिसका द्यायचा. दोरा तुटला तर नापास. बोट कापलं तर पास. त्यांच्या दोन्ही तर्जन्यांवर पंचवीस-तीस वर्षांच्या पास झालेल्या दोऱ्यांचे वळ होते, आणि ते वळ ते एखाद्या पहिलवानानं कुस्तीत मोडलेले कान दाखवावेत तसे दाखवायचे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पूर्वेला एक खिडकी, खिडकीखाली मशीन. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन मशीनच्या चाकावरून घसरून फरशीवर यायचं आणि त्या उन्हात कापडाचे बारीक तंतू तरंगत राहायचे. कामाची लगबग नसली की मास्तर त्या तंतूंकडे बघत बसायचे. वर जात, थांबत, उगाच वळत. कुणी हाक मारली की दचकून म्हणायचे, "हिशेब करत होतो." बायको आतून म्हणायची, "करा करा. तंतू मोजून झाले की जेवायला या."

बायको शाळेत बालवर्गाला शिकवायची. एकतीस वर्षं तिनं चार-चार वर्षांच्या पोरांना बुटांची नाडी बांधायला शिकवली होती, त्यामुळे नवऱ्याचं तिला फारसं अवघड वाटायचं नाही. पण घरातल्या कपाटात, सगळ्यांत वरच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक रेशमी कापड होतं. तो विषय निघाला की मास्तर खिडकीतून बाहेर बघायचे.

ते कापड त्यांनीच आणलेलं. लग्न नवं होतं आणि ते दुसऱ्याच्या मोठ्या दुकानात कारागीर होते तेव्हाचं. ताग्याचं शेवटचं टोक, साडेतीन मीटर. पातळ, घट्ट विणीचं, फुंकर मारली तर उठून बसणारं. रंग कुठला, यावर नवराबायकोचं कधी एकमत झालं नाही. ती म्हणायची निळा, ते म्हणायचे राखाडी. खरं तर खिडकीजवळ नेलं की तो एक व्हायचा आणि आत आणलं की दुसरा, जसं तळ्याचं पाणी ढगाबरोबर आपलं मत बदलतं. "पुढच्या महिन्यात तुला झगा शिवतो," मास्तर तेव्हा म्हणाले होते. पुढचा महिना एकोणतीस वर्षं लांबला. दरवर्षी ती कापड काढायची, झटकायची आणि नव्या जागी घड्या घालून परत ठेवायची. त्याच त्याच घडीवर रेशीम चिरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते आपलं वाटायचं.

आता ती निवृत्त होत होती. एका रविवारी दुपारी तिनं ते चादरीचं गाठोडं मशीनवर आणून ठेवलं.

"पुढच्या शनिवारी शाळेत निरोप आहे माझा. मी हे घालणार आहे."

"हे?"

"हो, हे. तुम्ही शिवलं तर तुमचं. नाहीतर चौकातली ती कॉलेजातून शिवण शिकून आलेली पोरगी शिवेल. ती म्हणाली, दोन दिवसांत देते."

मास्तरांच्या छातीत कुणीतरी सुई खुपसली. "त्या पोरीला बटण लावता येतं का?"

"तिला येतं की नाही ते माहीत नाही. तुमचं येणं एकोणतीस वर्षं बघतेय मी."

ती हसून आत गेली. मास्तरांनी गाठोडं सोडलं. कापड आपोआपच मशीनवरून ओघळून त्यांच्या मांडीवर आलं, आणि त्यांना एकाएकी कळलं की हे एकदाच कापता येणार आहे. असं कापड आता कुठं मिळणार नव्हतं. ते दुकानही राहिलं नव्हतं. बिघडलं तर बायको काही बोलणार नाही. ती नुसती चादर घडी घालून ठेवील. ती रिकामी चादर मास्तरांना डोळ्यांपुढे स्वच्छ दिसली.

झग्याचे भाग खडूनं आखून झाल्यावर काठाच्या बाजूला चार बोटांची पट्टी उरत होती. तेवढीच चाचणीला. मास्तरांनी तिचे दोन तुकडे एकावर एक ठेवले, मशीनवर नेहमीचा पक्का दोरा होताच, सोळा नंबरची सुई होतीच. एक लांब शिवण मारली.

शिवण अशी झाली की जणू कापडाला कुणीतरी वाईट बातमी सांगितली. दोन्ही बाजूंनी ते आक्रसून गोळा झालं. सुईच्या भोकांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. मास्तरांनी इस्त्री फिरवली. सुरकुत्या क्षणभर झोपल्या आणि परत उठून बसल्या.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं पट्टी उचलली, शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ओढली. टर्र आवाज झाला. पट्टी भोकांच्या रांगेवरून फाटली, तिकिटं फाडतात तशी सरळ.

"शिवण बघ," मास्तर सवयीनं म्हणाले. "टाका हललेला नाही."

"नाहीच हललेला," ती म्हणाली. "शिवण आहे. कापड गेलं."

एवढं बोलून तिनं चहा ठेवला आणि गेली. मास्तर त्या चिंधीकडे बघत बसले. एका बाजूला रेशमाची दशी लोंबत होती आणि मधोमध त्यांची शिवण ताठ उभी होती, घर जळून गेल्यावर मागं राहिलेल्या भिंतीसारखी.

त्या दुपारी मशीनवर डोकं टेकून त्यांना डुलकी लागली. स्वप्नात त्यांनी आजवर शिवलेले सगळे कपडे एका मैदानात वाळत घातले होते. वाऱ्यानं कापडं विरत गेली, विरत गेली, आणि दोरीवर नुसत्या शिवणी उरल्या. पँटींच्या, डगल्यांच्या, पिशव्यांच्या रिकाम्या रेषा. त्या रेषांमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं आणि एक गवंडी त्यांतली एक रेषा पायात चढवायला बघत होता. मास्तर जागे झाले तेव्हा गालावर मशीनच्या पट्टीचा वळ उठला होता.

सोमवारी त्यांनी दुसरा डाव टाकला. कुठल्याशा गिऱ्हाइकाचं राहून गेलेलं पॉलिएस्टरच्या बारीक दोऱ्याचं रीळ होतं, एकशेवीस नंबरचं. सुई अकरा नंबरची घेतली. आता भोकं लहान झाली, पण शिवण तरीही लहरत होती, पाण्यावरून वारा गेल्यासारखी. चिंध्या दोनच उरल्या. मग मात्र मास्तरांनी चप्पल घातली, दोन्ही नमुने खिशात टाकले आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत रीळकाकूंकडे गेले.

रीळकाकू तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात नमुने शिवायच्या. आता त्यांचं दोऱ्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे खोल बोगदाच. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रिळं, दाराशी पांढरी, मग पिवळी, मग तांबडी, आणि आत जावं तसा रंगांचा दिवस मावळत जाऊन शेवटी काळोखात काळी. काकू मधोमध, तिन्हीसांजेच्या रंगांत, उंच स्टुलावर बसलेल्या असायच्या.

"या मास्तर. आज बोट कापायला काय देऊ?"

"बोट राहू द्या काकू. इथं गळा कापायची वेळ आलीय." मास्तरांनी नमुने काढले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कापडच कुजलेलं असणार. तीस वर्षं झाली त्याला."

काकूंनी चिंधी उन्हात धरली, दोन बोटांत चोळली. "म्हातारं आहे, कुजलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाशी तुम्ही कुस्ती खेळलात." मग छोटी कात्री घेऊन पहिल्या नमुन्याची शिवण जागोजागी कापली. कापड नाही, नुसता दोरा, बोटभर अंतरावर एकेक. "बघा. सपाट झालं?"

"नाही. चुण्या तशाच आहेत."

"म्हणजे ताणाचा दोष नाही. तुमचा दोरा जाड, सुई जाड आणि वीण घट्ट. भरल्या घरात तुम्ही आणखी पाहुणे घुसवले. धाग्यांना सरकायला जागा नाही, मग ते वर उचलले जातात. हे कशानंही बसायचं नाही." मग त्यांनी दुसऱ्या नमुन्याचा दोरा तसाच जागोजागी कापला. कापड हळूच सुस्कारा सोडल्यासारखं पसरलं आणि सपाट झालं. "आणि हा दुसरा रोग. हा पॉलिएस्टर शिवताना ताणला गेला. मशीनमधून सुटला तसा आपल्या मूळ मापावर आला, येताना कापडालाही ओढून घेऊन आला. दोरा कापला, कापड सुटलं."

मास्तर कधीचे त्या कापलेल्या शिवणीकडे बघत होते. "दोन्हीकडे चुण्याच. मला वाटलं, एकच दुखणं."

"ताप एकच, कारणं दोन. बरं, तुमचा तो पक्का दोरा दाखवा."

मास्तरांच्या खिशात तो असायचाच. काकूंनी त्याचा पीळ उलटा उकलला आणि नखानं खरवडला. वरून मऊ कापसाचा भुसा निघाला, आणि आतून चकचकीत, केसांसारख्या अखंड तारांचा गाभा बाहेर आला. मग काकूंनी काडी पेटवून टोक जाळलं. कापूस कागदासारखा जळून राख झाला. गाभा मात्र वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला.

"वरून सुती, आत पॉलिएस्टर," काकू म्हणाल्या. "जाड कापडावर भरधाव शिवताना सुई तापते, तेव्हा कापूस आतल्या गाभ्याला झळ लागू देत नाही, आणि गाभा काही तुटत नाही. तुमच्या डगल्यांना याच्यासारखा दोरा नाही. उगीच नाही तुमचं नाव."

पंचवीस वर्षं ज्याच्या जिवावर संसार केला, त्याचं पोट मास्तरांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं. ते तो मणी बोटांत फिरवत राहिले.

"पण मास्तर, जो दोरा बोट कापतो तो कापडही कापतो, एवढं साधं तुम्हाला कुणी सांगितलं नाही का हो?"

"मग काय, कच्च्या दोऱ्यानं शिवू?"

"कापडापेक्षा थोड्या कच्च्या. ओढ बसली की दोघांतलं एक जाणारच. दोरा गेला तर सुईला दोन मिनिटांचं काम. कापड गेलं तर काय शिवणार, आभाळ?"

मास्तरांनी मणी खिशात टाकला. मग हळूच म्हणाले, "रेशमी दोरा लावला तर? रेशमाला रेशीम."

"दिसेल देखणं. गुळगुळीत असतो, बारीकही मिळतो. पण अखंड तारेचा रेशमी दोरा दिसतो तसा नाजूक नसतो. नव्या रेशमाला दिला असता. या म्हाताऱ्याला तो जड जाईल." काकू स्टुलावरून उतरल्या आणि रंगांच्या संध्याकाळीत आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बारीक दोनपदरी सुती दोऱ्याची लडी होती, साठ नंबरची, किंचित चमक असलेली. "हा घ्या."

मास्तरांचे हात आपोआप उठले. बोटांना वेढा, हिसका. दोरा टुक्‌कन तुटला. बोटावर वळसुद्धा उठला नाही.

"नापास," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणूनच देतेय."

काकूंनी बाकीचं सांगितलं. सुती दोरा ताणला जात नाही, पण पहिल्या धुण्यात आटतो, आणि मग तोच चुण्या पाडतो. म्हणून लडी आधी कोमट पाण्यात बुडवायची आणि न ताणता सावलीत वाळवायची. आटायचं ते शिवण्याआधीच आटू दे. सुई नऊ नंबरची, नवी कोरी. टाका फार बारीक नको, उगाच भोकं वाढतात. दोऱ्याचा ताण वरून सैल, खालून सैल. बॉबिनची डबी दोऱ्यानं लटकवून हलका झटका द्यायचा, ती दोन बोटं खाली उतरून थांबली पाहिजे. रंगासाठी त्यांनी लडी कापडाशी धरली आणि परत नेऊन एक छटा गडद आणली. "शिवणीत गेला की दोरा उजळ दिसतो. आणि हो, हा रंग निळाच आहे."

"राखाडी," मास्तर म्हणाले.

मंगळवारी लडी खिडकीत वाळत होती. बुधवारी त्यांनी उरलेल्या दोन चिंध्या शिवल्या, धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केली. शिवण कुठं आहे ते शोधावं लागलं. बोट फिरवलं तर एक रेषा लागायची, झोपलेल्या माणसाच्या पापणीसारखी. मग दोन्ही बाजूंनी ओढलं. टुक्. दोऱ्याचे चार टाके गेले. कापड जसंच्या तसं. मास्तरांना आपल्या हातून काहीतरी मोडल्याची शरम वाटली आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरला. दोन्ही एकदम होतं, हे त्यांना नवीन होतं.

गुरुवारी त्यांनी कात्री चालवली. रेशीम कात्रीतून पाण्यासारखं निसटत होतं. मशीनचं पायडल ते इतकं हळू मारत होते की शेजारच्या चांभाराला वाटलं, मशीन आजारी आहे. शिवणीखाली पातळ कागद धरायचा, शिवायचं, कागद अलगद फाडून काढायचा. दिवसभर खोलीत कागदाची सळसळ आणि पायडलचा संथ टकटकाट. ऊन चाकावरून फरशीवर आलं, फरशीवरून भिंतीवर गेलं. झगा मशीनच्या पलीकडे साठत गेला, राखाडी का निळा, कोण जाणे. मास्तर शिवत होते की एखादं लांब पाणी हळूहळू ओलांडत होते, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी बाह्यांपाशी आले आणि हात अडला.

खांद्याजवळची शिवण म्हणजे सगळ्यांत जास्त ओढ. हात वर केला, ओढ. कुणाला मिठी मारली, ओढ. तिथं हा नापास दोरा? शाळेत दोनशे माणसांपुढे पक्केमास्तरांच्या बायकोची बाही उसवली तर उद्या गॅरेजवाले डगले घेऊन कुणाकडे जातील? त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, स्वतःच्याच घरात चोरासारखं, आणि खिशातलं पक्कं रीळ मशीनच्या खुंटीवर चढवलं. नुसत्या दोन बाह्या. कुणाला कळणार होतं? दोरा ओवायला ते वाकले. नऊ नंबरच्या सुईच्या नाकातून तो जाड दोरा जाईना. थुंकी लावली, टोक कापलं, पुन्हा लावलं. जाईना.

सुई बदलायला खोका उघडला. सोळा नंबरची सुई चिमटीत घेतली आणि थांबले. ही सुई कुठं कुठं भोकं पाडेल ते त्यांना दिसलं. खांद्याच्या वळणावर, एकापुढं एक, तिकिटासारखी. शिवण शाबूत राहील. त्यांची अब्रूही राहील. बायको मात्र हात वर करील आणि कापड जाईल.

"काय शोधताय?" बायको दारात उभी होती. शाळेतून आली होती, हाताला खडूचा पांढरा रंग.

"काही नाही," मास्तरांनी रीळ खुंटीवरून उतरवलं. "बाही उसवेल, सांगून ठेवतो. जपून वाग."

"मी कशाला जपून वागू? माझा झगा आहे."

"उसवेल म्हटलं ना."

"मग उसवू दे," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मास्तरांनी बाह्या त्या बारीक दोऱ्यानंच जोडल्या. आतून शिवणीच्या कडा वळवून घेतल्या, पण दोरा तोच.

शनिवारी शाळेच्या सभागृहात, रंगीत कागदांच्या माळांखाली, ती तो झगा घालून आली. चालताना कापड तिच्या मागून अर्धा क्षण उशिरा यायचं, विचार करून आल्यासारखं. बायका जवळ येऊन बघत होत्या. चौकातली शिवणवाली पोरगीही आली होती. तिनं बाहीची शिवण बोटानं चाचपली आणि मास्तरांना विचारलं, "काका, हे तुम्ही शिवलंत? खरंच?" त्या 'खरंच'साठी मास्तरांनी तिला एरवी घराबाहेर काढलं असतं. आज ते मान डोलावून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. खांद्याच्या शिवणीवरून त्यांची नजर काही हटत नव्हती.

बालवर्गाची पोरं गाणं म्हणायला आली. गाणं संपलं आणि ती सगळी, शिस्त विसरून, बाईंवर तुटून पडली. एक गुटगुटीत मुलगी तर उजव्या हाताला लोंबकळून पाय हवेत उचलून झोकेच घ्यायला लागली.

मास्तरांना आवाज आला. एवढ्या गोंगाटात, तिसऱ्या रांगेत, तो आवाज त्यांनाच येणं शक्य होतं.

ते खुर्च्यांतून वाट काढत गेले, मुलगी उतरवली, बायकोला हाताला धरून शेजारच्या रिकाम्या वर्गात नेलं आणि दार लोटलं. "हात वर कर." तिनं केला. काखेखाली वीतभर शिवण सुटली होती. मास्तरांनी कडा बोटांनी वेगळ्या केल्या, खिडकीकडे वळवून बघितल्या. एकही भोक वाढलेलं नव्हतं. एकही तंतू फाटलेला नव्हता. दोन्ही कडा शांत, स्वच्छ, पुन्हा भेटायला तयार. तुटलेल्या दोऱ्याचं एक टोक तेवढं वर आलं होतं.

मास्तर हसायला लागले. खांदे हलवून, आवाज न करता, पण हसू थांबेना.

"काय झालं? फाटलं?"

"नाही गं. उसवलं. नुसतं उसवलं."

कॉलरच्या आत टोचलेली सुई त्यांनी काढली, खिशातून लडीचा उरलेला दोरा काढला. बसायला बालवर्गाची खुर्ची, एक फूट उंचीची. तीवर ते बसले तेव्हा गुडघे कानांना लागले. भिंतीवर पोरांनी काढलेली घरं होती, सगळी वाकडी, सगळ्यांच्या धुराड्यांतून धूर. बाहेर कुणीतरी माइकवरून दोनदा म्हणालं, बाई कुठं गेल्या, बाईंनी चार शब्द बोलावेत.

"चला लवकर," ती म्हणाली. "बोलावतायत."

"हलू नकोस," मास्तर म्हणाले.

एकतीस वर्षं पोरांना ते वाक्य सांगणारी बाई हात वर करून, भिंतीवरच्या घरांकडे बघत, मुकाट उभी राहिली. मास्तरांनी पहिला टाका घातला, ओढला, आणि जरासा सैल सोडला.